डायरेक्ट दिलेला हॉर्न

कुणी माझ्यासमोर "डायरेक्ट देऊन टाक" असं म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे, त्याला लागूनच गुंडू शिरगावेचं ऑटो इलेक्ट्रिकचं खोपटं. दिवसातून दहा जण येतात आणि हेच म्हणतात. फ्यूज उडतोय? डायरेक्ट दे. लाईट मंद पेटतेय? डायरेक्ट दे. जणू मधल्या सगळ्या वस्तू कंपनीनं उगाच हौसेपायी घातल्यात. मी म्हणतो, तुमची जेवणं पण डायरेक्ट पोटात घाला की, तोंड कशाला मधे?

हे सगळं इंदुआक्कापायी. इंदुबाई चौगुले, पण सगळा घाट तिला आक्का म्हणतो.

आक्काचा नवरा बेकरीचा माल घाटातल्या वाड्यांवर न्यायचा. पाव, खारी, टोस्ट, नानकटाई. तो गेला तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली, चार दिवस डबे पोचवले, आणि पाचव्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागले. आक्काच्या दारात नवऱ्याची मोटारसायकल उभी आणि घरात दोन पोरं. भावकीतला एक जण म्हणाला, "वैनी, गाडी आम्ही घेतो, तुम्ही शेळ्या पाळा." आक्का म्हणाली, "शेळ्या तू पाळ, तुझ्या तोंडाला शोभतील." आणि बेकरीच्या मागच्या मोकळ्या रानात स्वतःच गाडी शिकली. चारदा पडली. गुडघे फोडले. नवऱ्याचं जाड जाकीट अंगात, साडी वर खोचलेली, मागं पत्र्याची ट्रंक बांधलेली, अशी ती घाट चढायला लागली तेव्हा बघणारे हसले. महिन्याभरात हसणाऱ्यांच्याच घरात तिनं आणलेला पाव जायला लागला.

बाई फटकळ. शिव्या द्यायची तर अशा, की ऐकणाऱ्यानं लिहून घ्याव्यात. पण उधारीपायी कुणाच्या लेकराचा टोस्ट तिनं कधी अडवला नाही. लेकीचं लग्न तिनं त्या ट्रंकेवर केलं. राहिला थोरला, रणधीर. नाव रणधीर, आणि रणात जायची वेळ आली की हा आजारी.

आता घाटाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घाटात वळणं आंधळी. पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून इथं जुनी रीत आहे. चढणाऱ्यानं वळणाच्या अलीकडं दोन हॉर्न वाजवायचे. वरून येणाऱ्यानं ऐकलं की एक वाजवायचा आणि आपल्या बाजूला दबायचं. काही ऐकू आलं नाही तर वरचा समजतो, रस्ता मोकळा आहे. मग तो वळण कापून, आतल्या बाजूनं खाली येतो. यात त्याची चूक नाही. सगळे तसंच करतात. इथं गप्प राहणं म्हणजे 'मी नाही' असं सांगणं.

आक्काच्या गाडीचा कंपनीचा हॉर्न म्हणजे डास. गावात ठीक. घाटात पाऊस लागला, पाण्याचे लोट वाहायला लागले, की तो तिला स्वतःलाच ऐकू यायचा नाही. एकदा ती माझ्याकडं हवा भरायला आली आणि म्हणाली, "दादू, मला मोठा हॉर्न पायजे. ह्यो वाजतोय का पादतोय कळत न्हाय."

मी म्हटलं, "आक्का, जोडीचे शंख-हॉर्न लावून घे. पण एक ध्यानात ठेव. रिले लावायचा."

"ते काय असतंय?"

"काळी डबी असती बारकी. बघ, कंपनीचा हॉर्न खातो थोडा करंट, तेवढ्यापुरतं तुझं बटण केलेलं. शंखाची जोडी त्याच्या तिप्पट-चौपट खाणार. सगळा करंट बटणातनं गेला की आतली तांब्याची टिकली जळती. डबी लावली की बटण नुसतं डबीला जागं करतं, थोडक्या करंटात. मोठा करंट बॅटरीतनं फ्यूजमधनं येतो, डबीतनं हॉर्नला जातो. बटणाला त्याचा पत्ताच नाही."

आक्कानं जरा विचार केला. "म्हंजे सासूनं सुनंला हाक मारायची, आणि घागर सुनंनं उचलायची."

"अगदी तसंच."

"मग डबी लावायचीच. सासू जळून कसं चालंल," म्हणाली आणि खदाखदा हसली.

त्याच आठवड्यात शनिवारी तिनं रणधीरला गाडी घेऊन गुंडूकडं पाठवलं. स्वतः लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. जाताना मला सांगून गेली, "बघ रं जरा." आणि मी नेमका त्या दिवशी तालुक्याला ट्यूबा आणायला गेलेलो. आलो तेव्हा गाडी गेली होती. नंतर आक्का भेटली, गाडीच्या पुढं दोन लाल शंख, बटण दाबलं की गल्लीतली कुत्री उठून पळायची. मी विचारलं, "डबी लावली का?" ती म्हणाली, "रण्या म्हणाला लावली." मीही मग बघितलं नाही. टाकीखाली हात घालून बघायला काय लागत होतं?

चार-पाच महिने हॉर्न मस्त वाजला. मग घोगरा झाला. आक्कानं पोराला सांगितलं, "रण्या, हॉर्नचा गळा बसलाय." हा मोबाईलमधनं डोकं न काढता म्हणाला, "बॅटरी डाऊन असंल." दोनदा सांगितलं, दोनदा तेच उत्तर.

श्रावणात एका सकाळी धुकं असं होतं की हात दिसेना. आक्का घाट चढत होती. तिसऱ्या वळणाच्या अलीकडं तिनं बटण दाबलं. वाजलं नाही. परत दाबलं. बटण आत गेलं ते लोण्यात बोट गेल्यासारखं, आणि आवाज नाही. तोवर वळण आलं. वरच्या डंपरवाल्याला काही ऐकू आलं नव्हतं, तो आतनं कापत खाली आला. आक्कानं गाडी डोंगराकडच्या गटारीत घातली म्हणून जगली. गळ्याचं हाड मोडलं. पाव चिखलात. डंपरवाला थांबला, त्यानंच तिला खाली आणलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होता. "मावशी, तुम्ही वाजवलाच नाही ओ." आक्का कण्हत त्याला सांगत होती, "दाबला हुता रं बाबा, दाबला हुता."

आणि गावात काय उठलं? बाई माणसानं घाटात गाडी घालूच नये. ज्या शहाण्यांनी तिचा पाव खाल्ला त्यांनीच. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण बोलत होता? रणधीर. "आईला आता झेपत न्हाय. घाबरली असणार, बटण दाबायचं विसरली असणार. वय झालं." वय झालं म्हणे. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. चौकात, बेकरीत, माझ्या दुकानात, जिथं तिथं हेच सांगत होता. आणि माझ्या बाकड्यावर बसून, माझाच चहा पिऊन!

आक्का दोन-अडीच महिने घरात. पट्टा बांधलेला. मी भेटायला गेलो तर ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. म्हणाली, "दादू, मी दाबला हुता का रं? आता मलाच कळंना झालंय. सगळीच म्हणाय लागल्यात की दाबला न्हाय." मला रडू आलं आणि संतापही आला. शिव्यांची खाण असलेली बाई, आणि लोकांनी तिचा तिच्या अंगठ्यावरचा विश्वाससुद्धा काढून घेतला होता.

पट्टा सुटला तसं रणधीरनं गाडीला गिऱ्हाईक बघितलं. आक्का नको नको म्हणत होती, पण जोर नव्हता आवाजात. एवढंच म्हणाली, "विकायच्या आधी मी एकदा घाट चढून येनार. चढता आलं तर गाडी राहील. न्हाय आलं तर न्हे." रणधीर "बरं बरं" म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला त्याच दिवशीचं बोलावणं धाडलं. मेल्यानं मुहूर्तच काढला होता.

त्या दिवशी रणधीर गाडी घेऊन गुंडूकडं आला. हॉर्न मेलेला, गिऱ्हाईक नाक मुरडेल म्हणून. मी शेजारीच टायर उघडत बसलेलो. हा म्हणतो, "गुंडूदा, नवीन बटण टाक, बाकी हाय तसं राहू दे. आई यायच्या आत उरक."

पण आक्का वडापच्या जीपमधनं उतरलीच. नवऱ्याचं जाकीट अंगात. आली ती थेट गाडीपाशी. "गुंडू, ते बटण माझ्यासमोर उघड."

रणधीर म्हणाला, "आई, तू बस की तिकडं. तुला काय कळतंय त्यातलं?"

"माझं हाड मोडलंय. मला बघायचंय कशानं मोडलं."

गुंडूनं हँडलवरचा स्विच सोडवला, उघडला आणि तिच्यापुढं धरला. मीही टायर सोडून हातातल्या सळईसकट गेलो. आत सगळं काळंठिक्कर. तांब्याची टिकली जळून खड्डा पडलेला, तिच्या भोवतीचं प्लॅस्टिक वितळून टिकली आत खचलेली. अंगठ्यानं कितीही दाबा, टिकलीला टिकली लागायचीच नाही.

आक्कानं ते हातात घेतलं. त्या खड्ड्यावर अंगठा फिरवून बघितला. मग म्हणाली, "म्हंजे मी दाबला हुता."

"आक्का, तुम्ही हजारदा दाबला असता तरी वाजला नसता," गुंडू म्हणाला.

"दाबला हुता मी!" ती ओरडलीच. फाट्यावरची माणसं वळून बघायला लागली. "ऐकलं का रं सगळ्यांनी? दाबला हुता! मला म्हातारी ठरवली, येडी ठरवली, मुडदे बशिवले तुमचे!" आणि मग गुंडूकडं वळली. "आणि तू रं? तुझी डबी कुठं गेली? डबी असली की बटण जळत न्हाय म्हणत हुता ह्यो दादू. मग जळलं कसं?"

गुंडूची नजर खाली. "आक्का... डबी न्हाय. डायरेक्ट हाय."

"डायरेक्ट? डबी लावलीया सांगून डायरेक्ट? अरं मुडद्या, माझ्या जिवाशी खेळलास?"

"मी न्हाय ओ सांगितलं लावलीया म्हणून!" गुंडूचाही आवाज चढला. "माझ्याकडं त्या दिवशी रिले शिल्लक नव्हता. मी म्हटलं उद्या ये, आणून ठेवतो. तर तुमचा हा... ह्याला कोल्हापुरात फुटबॉलची मॅच. मला म्हणाला, डायरेक्ट देऊन टाक, आईला काय कळतंय. मी तीनदा सांगितलं, बटण जाईल. म्हणाला, गेल्यावर बघू."

माझ्या हातात टायर काढायची सळई होती. देवाशपथ सांगतो, ती मी बाजूला ठेवली ते बरं केलं.

आक्का पोराकडं बघत होती. "रण्या?"

रणधीर गाडीचा आरसा पुसायला लागला.

"रण्या, मी तुला विचारलं हुतं. डबी लावली का म्हणून."

तो आरशावरचा तोच डाग घासत राहिला.

"हॉर्नचा गळा बसला तवा सांगितलं तुला. दोनदा. तुला ठावं हुतं. आणि मी भिताडाकडं तोंड करून पडले हुते तवा तू चौकात सांगत हिंडलास, आईनं बटण दाबलंच न्हाय?"

त्यानं आरसा सोडून टाकी पुसायला घेतली. माझ्या तोंडून निघून गेलं, "बोल की लेका, आता दातखीळ बसली व्हय?" आक्कानं हात करून मला थांबवलं. "गुंडू," ती म्हणाली, "डबी हाय का आज?"

"हाय."

"लाव. माझ्या डोळ्यांदेखत."

गुंडू लगबगीनं कामाला लागला. आधी नवीन बटण चढवलं. जुन्या हॉर्नला जायच्या ज्या दोन वायरी, त्या डबीच्या खालच्या पितळी पायांपैकी दोन पायांना दिल्या, म्हणजे बटणाचं काम तिथंच संपलं. बॅटरीवरनं जाड वायर ओढली, तिच्यात फ्यूजचं घर बसवलं, ती डबीला आणली. शंखांची एक बाजू गाडीच्या बॉडीला अर्थिंग केली. आणि शंखांकडं जाणारी जाड वायर डबीतनं काढली. डबी टाकीखाली पाय खाली करून कसली, पाणी साठू नये म्हणून. सगळं व्यवस्थित. मग त्यानं फ्यूज घातला.

आणि भोंगा सुटला! चावी बंद, बटणाला कुणाचा हात नाही, आणि दोन्ही शंख गळा काढून ओरडतायत. बेकरीतनं लोक बाहेर आले. गुंडू येड्यासारखा इकडं तिकडं बघतोय. रणधीरनं घाईघाईनं चावी फिरवून बटण दाबलं, तर हॉर्न गप्प! सोडलं की परत बोंब.

"मधला पाय!" मी ओरडलो. ती डबी पाच पायांची होती. मधला पाय उलटा, आराम करताना चालू, दाबलं की बंद. गुंडूनं घाबरून शंखांची वायर त्यालाच खोचली होती. त्यानं फ्यूज उपसला तेव्हा कुठं कान मोकळे झाले. सगळी माणसं पोट धरून हसायला लागली.

आक्का हसली नाही. "बघितलं का?" ती पोराला म्हणाली. "नको तवा बोंबलतंय, आणि दाबलं की गप्प. तुझ्या गुणाचंच निघालं."

गुंडूनं वायर मधल्या पायावरनं काढून बाजूच्या पायाला दिली, फ्यूज घातला. शांत. चावी फिरवली. शांत. आक्कानं स्वतः अंगठा ठेवून दाबलं, आणि शंख असे वाजले की समोरच्या झाडावरचे बगळे उठले. अंगठा काढला, बंद. परत दाबलं. परत. पाच-सहा वेळा दाबत राहिली आणि तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. पांढरे कपडे घातलेला बरा माणूस होता बिचारा. रणधीरला वाटलं सुटलो. पुढं होऊन म्हणाला, "आई, झालं ते झालं. चुकलं माझं. पण गाडी विकून टाकू. तुझ्या काळजीनंच म्हणतोय मी."

आक्कानं चावी काढून त्याच्या हातात ठेवली.

"विकू," ती म्हणाली. "पण आधी तू जाऊन ये. तिसऱ्या वळणापर्यंत. आणि हॉर्नला हात लावायचा न्हाय."

"येडी का काय तू आई?"

"का? मी गेलते की. दोन-चारदा न्हाय, गळा बसल्यापास्नं रोज जात हुते. तुझी बॅटरी डाऊन हुती न्हवं? जा. ट्रंक बांधून देऊ का?"

रणधीर चावी घेऊन उभा राहिला. घाटाकडं एकदा बघितलं. वरून कसली तरी जड गाडी येत होती, तिचा गिअर बदलल्याचा आवाज खालपर्यंत आला. गिऱ्हाईक माझ्याकडं बघायला लागलं, मी म्हटलं, "थांबा पावणं, घरचा व्यवहार चाललाय."

"जा की," आक्का म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. "मॅच असली की कसा पळतोस."

त्याचा पाय हलला नाही. शेवटी त्यानं चावी तिच्यापुढं धरली. तिनं ती लगेच घेतली नाही. त्याला तसंच हात पुढं करून उभं ठेवलं, सगळ्या फाट्यासमोर. मग चावी घेतली, साडी खोचली, गाडीवर बसली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "दादा, गाडी विकायची न्हाय. उगं हेलपाटा पडला तुमचा."

रणधीर मागं बसायला आला. सवयीनं आला असंल, नाहीतर माफी मागायला. आक्कानं मागं न बघता सीटवर ट्रंकेच्या जागी हात ठेवला. "हितं जागा पावाची हाय," म्हणाली, आणि घाट चढायला गेली.